डोकं दुखतंय तोवर

मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला ही नावं पेपरच्या पहिल्या पानावर येतात ती पाऱ्याच्या आकड्यासकट. ४५, ४६, एखाद्या दिवशी ४७. हा आकडा सावलीतला असतो, हे मात्र वाचताना कुणाच्या ध्यानात येत नाही. हवामान खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, थेट ऊन लागणार नाही असा ठेवलेला असतो. त्याच दुपारी तिसऱ्या मजल्याच्या उघड्या स्लॅबवर उकिडवं बसून सळया बांधणाऱ्या माणसाला वरून ऊन लागतं, खालून सेंट्रिंगची तापलेली प्लेट लागते आणि हातात चटके देणारं लोखंड असतं. त्याच्या वाट्याचा आकडा कुठल्याच पेपरात छापून येत नाही.

माणसाच्या कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. भोवतालची हवा त्याहून गार असेल तर अंगातली उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा ४५ अंशांची झाली की उलटं होतं, हवाच अंगाला तापवू लागते. मग शरीराकडे एकच वाट उरते: घाम यायचा आणि तो अंगावरून उडून जायचा. कष्टाच्या कामात तासाला लिटरभर घाम सहज जातो. तेवढं पाणी आत गेलं नाही तर रक्तातलं पाणी घटतं, आणि उरलेल्या रक्तापैकी बरंचसं कातडीकडे वळलेलं असतं, कारण तिथूनच उष्णता बाहेर टाकायची असते. मेंदूच्या वाट्याला कमी येतं. डोकं ठणकायला लागतं.

हा लेख त्या ठणक्यापासून सुरू होतो. उन्हात काम करणाऱ्याला बहुतेक वेळा आधी डोकेदुखी होते आणि ती होते तेव्हा हाताशी वेळ असतो. पुढची पायरी अशी आहे की माणूस डोकं दुखतंय असं सांगायच्या स्थितीतही राहत नाही.

नुसतं डोकं दुखतंय तेव्हा

उन्हाची डोकेदुखी बहुधा कपाळात नाहीतर दोन्ही बाजूंना कानशिलांजवळ ठोके पडल्यासारखी असते. वाकलं की वाढते. सोबत घसा कोरडा, उठताना डोळ्यांपुढे अंधारी, पोटात मळमळ, पोटऱ्यांत किंवा पोटाच्या स्नायूंत गोळे. घाम भरपूर येत असतो आणि कातडी ओलसर, कधी गारही लागते. सकाळी घरून निघाल्यापासून दुपारच्या डब्यापर्यंत एकदाही लघवी लागली नसेल, किंवा लागली ती गर्द पिवळी आणि थोडीशीच, तर पाणी कमी पडलं याची ती खूण. यातलं काहीही एक दिसलं तरी त्या माणसाला उन्हातून हलवायचं. ‘एवढी लाइन संपवतो मग येतो’ हे ऐकायचं नाही.

सावली कुठली, हेही पाहावं लागतं. पत्र्याची शेड ही सावली नव्हे. तापलेला पत्रा वरून भाजत राहतो. उन्हात उभ्या ट्रकची केबिन तर भट्टीच असते. उत्तम सावली कडुलिंबाची, कारण तिच्यात वारा खेळता असतो. झाड नसेल तर तळमजल्यावरची, दोन बाजूंनी उघडी, कालच पाणी मारलेली खोली. तीही नसेल तर चार बल्ल्या रोवून वर हिरवी जाळी बांधावी. एकेरी जाळीतून ऊन झिरपतं, म्हणून ती दुहेरी घ्यावी.

सावलीत आणलेल्या माणसाचं हेल्मेट, बूट, मोजे काढायचे, पट्टा आणि शर्टाची बटणं सैल करायची. आडवं करून पायाखाली सिमेंटची एखादी गोणी द्यायची. डोक्याचा दुपट्टा सोडून ओला करायचा आणि मानेवर, छातीवर फिरवत राहायचा. हातावर कोपरापर्यंत पाणी ओतायचं. मग प्यायला द्यायचं, पण घटाघट नव्हे. अर्धा पेला, थोडं थांबून पुन्हा अर्धा पेला, असं करत अर्ध्या-पाऊण तासात साधारण अर्धा ते पाऊण लिटर. एकदम पोटभर पाणी प्यायलं की उलटी होते आणि होतं तेही जातं.

नुसत्या पाण्यापेक्षा मीठ असलेलं काही बरं, कारण घामासोबत मीठही गेलेलं असतं. ओआरएसची पुडी असेल तर तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात सगळी एकदम विरघळवावी. लिटरची पुडी पेल्यात अंदाजाने टाकून घट्ट पाणी देऊ नये. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ घातलेलं पातळ ताक चालतं, गूळ-मीठ घातलेलं कैरीचं पन्हं चालतं. चहा नको असं नाही, पण या वेळी चहा म्हणजे पाणी नव्हे. दारूचा घोट तर अजिबात नको.

आणखी एक अडचण गोळीची. साइटवर एखाद्या मिस्त्रीच्या खिशात डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी असतेच. उपाशीपोटी, अंगातलं पाणी आटलेलं असताना अशी वेदनाशामक गोळी घेतली तर तिचा भार मूत्रपिंडावर येतो, आणि डोकं तासभर थांबलं म्हणून माणूस पुन्हा वर चढतो. दुखणं बंद होतं, तापणं चालूच राहतं. उन्हाच्या डोकेदुखीवर इलाज सावली, पाणी आणि मीठ एवढाच. हा इलाज लागू पडला तर अर्ध्या ते एक तासात ठोके कमी होतात, लघवी होते, चेहऱ्यावर तरतरी येते. तरीही त्या दिवशी त्याला परत उन्हात पाठवू नये. सावलीतली बैठी कामं द्यावीत. तासाभरानंतरही डोकं तेवढंच दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, किंवा कामावर यायच्या आधीपासूनच ताप होता, मान आखडली आहे, एका बाजूचा हातपाय उचलत नाही असं काही असेल, तर दुखणं दुसरं असू शकतं. मग वाट न पाहता दवाखाना गाठावा.

डोकं फिरल्यासारखं वागतो तेव्हा

इथपर्यंतच्या प्रकाराने माणूस थकतो, पण त्याचं भान शाबूत असतं. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर गेलं की मेंदूचं काम बिघडायला लागतं. हाच उष्माघात. दोन्हींच्या मधली रेघ ओळखायची ती भानावरून. थर्मामीटरवरून ठरवायला जाऊ नये. काखेत लावलेला थर्मामीटर अशा वेळी, विशेषतः अंग घामाने किंवा पाण्याने ओलं असताना, आतल्या तापमानापेक्षा बराच कमी आकडा दाखवू शकतो. ‘१०१ तर आहे’ म्हणून थांबणं महागात पडतं.

भान हलायला लागतं ते फार साध्या गोष्टींतून. नेहमीचा हसरा गडी क्षुल्लक गोष्टीवरून शिव्या देऊ लागतो. बारा एमएमची सळई मागितली तर आठची आणून देतो. तीच गाठ दोनदा बांधतो. चालताना पाय वाकडे पडतात, जीभ जड होते. काहीजण एकदम गप्प होतात, हाक मारली की उशिरा बघतात. आणि भोवतालचे लोक काय म्हणतात? ‘याला चढली आहे.’ दारू प्यायलेला समजून त्याला कडेला बसवून ठेवलं जातं, आणि तासाभराने कुणीतरी पाहायला जातं तर तो उठत नसतो. माझ्या मते उष्माघातात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो याच एका गैरसमजात. आदल्या रात्री तो खरंच प्यायला असेल. त्याने उष्माघाताचा धोका वाढतो, कमी होत नाही. म्हणून मे महिन्यातल्या दुपारी, उन्हात काम करणारा माणूस वेड्यासारखा वागला तर तो उष्माघात समजूनच चालायचं.

‘बरा आहेस ना?’ असं विचारू नये. त्याचं उत्तर अर्धवट शुद्धीतला माणूसही ‘हो’ असंच देतो. विचार करायला लागेल असं विचारावं: आज वार कोणता, सकाळी कोणाच्या गाडीवर आलास, डब्यात काय होतं. वीसपासून उलटे आकडे म्हणायला सांगावेत. शाळा न शिकलेल्याला आपल्या मुलांची नावं मोठ्यापासून धाकट्यापर्यंत सांगायला लावावीत. चुकला, अडखळला, चिडला की पुढच्या कामाला लागावं.

घामाबद्दलही एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवावी. घाम थांबून कातडी कोरडी, लाल पडली म्हणजेच उष्माघात, असं बऱ्याच जणांना वाटतं. घरात उकाड्यात पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांत बहुधा तसं दिसतं. कष्ट करता करता उष्माघात झालेल्या तरुण मजुराला मात्र घामाच्या धारा लागलेल्या असू शकतात. अंगावर घाम आहे म्हणून धीर धरला, तर मोलाची मिनिटं गेली.

पहिला अर्धा तास

एक उदाहरण घेऊ. विदर्भातलं कुठलंही तालुक्याचं गाव, मे महिन्याचा तिसरा आठवडा. उद्या स्लॅब पडायचा आहे म्हणून आज सळया बांधून संपवायच्या आहेत. काम उधडं, म्हणजे जेवढं होईल तेवढे पैसे. टोळीत एक बावीस वर्षांचा पोरगा परवाच गावाहून आला आहे. आधीचे दोन-तीन आठवडे घरीच होता. रात्री तापलेल्या स्लॅबखाली झोपला, झोप धड लागली नाही. सकाळी चहा आणि खर्रा, पोटात दुसरं काही नाही. साडेदहाला तो शेजारच्याला म्हणतो, ‘डोकं लय ठणकून राह्यलं भाऊ.’ भाऊ म्हणतो, ‘दुपट्टा ओला कर न् बांध.’ सव्वाअकराला पोटऱ्यांत गोळे येतात, एक उलटी होते. तोंड धुऊन पुन्हा बसतो. बारा वाजता पक्कड फेकून मुकादमावर धावून जातो आणि दोन पावलांवर कोलमडतो.

आता पहिलं काम त्याला खाली आणण्याचं. स्लॅबवर सावली नाही आणि जिन्याला कठडा नाही, म्हणून दोघांनी धरून नव्हे, चौघांनी उचलून न्यावं. त्याच वेळी एकाने १०८ला फोन लावावा. सांगायचं ते मोजकं: उन्हात काम करताना माणूस पडला आहे, शुद्धीवर नाही, अंग तापलं आहे, आम्ही पाणी ओतून थंड करत आहोत. मग गाव, रस्ता, जवळची ठळक खूण. एका माणसाला रस्त्यावर उभं करावं, कारण नव्या लेआउटमधली अर्धवट इमारत रुग्णवाहिकेच्या चालकाला सापडत नाही.

गाडी येईपर्यंत नुसतं बसून राहायचं नाही आणि गाडी मिळाली म्हणून लगेच कोंबूनही न्यायचं नाही. या आजारात नियम असा: आधी थंड करा, मग हलवा. मेंदू, मूत्रपिंड, यकृत यांचं नुकसान तापमान किती चढलं त्यावर ठरतं, तसंच ते किती वेळ चढलेलं राहिलं त्यावरही ठरतं. पहिल्या अर्ध्या तासात अंग ३९ अंशांच्या खाली आणलं तर कष्टाने उष्माघात झालेला बहुतेक माणूस वाचतो. तापलेल्या टेम्पोत घालून पाऊण तासावरच्या दवाखान्यात नेलं तर तोच अर्धा तास वाटेत संपतो.

सुदैवाने बांधकामावर लागणारं सगळं सामान आधीच असतं. काँक्रीटवर पाणी मारायची मोटर आणि पाइप असतो, दोनशे लिटरचा ड्रम असतो, ताडपत्री असते, चौकीदाराची बाज असते. सुंभाची किंवा नवारीची बाज तर या कामासाठी फारच उपयोगी. जमिनीवर झोपवलं तर पाठ कोरडी राहते. बाजेवर पाणी खाली निथळतं आणि वारा खालूनही लागतो. हजला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या उष्माघातासाठी १९८०च्या सुमारास मक्केत जी पद्धत बसवली गेली, तिच्यात रोग्याला जाळीच्या झोळीवर ठेवून वरखालून पाण्याचा फवारा आणि वारा देत. चौकीदाराच्या बाजेवर आपण तेच करतो.

पोराला बाजेवर घ्या. शर्ट, पँट, बूट काढा. चड्डी राहू द्या. पाइप उन्हात पडलेला असेल तर त्यातलं पहिलं पाणी चटका देईल इतकं गरम असतं, ते आधी बाजूला वाहून जाऊ द्या आणि हाताला गार लागल्यावरच अंगावर घ्या. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी घेऊ नका, जमिनीखालच्या टाक्यातलं किंवा बोअरचं घ्या. डोकं, मान, छाती, पोट, मांड्या असं सगळीकडे सतत ओता. दोघांनी दोन बाजूंनी पुठ्ठ्याने, पाटीने, प्लायच्या तुकड्याने जोरजोरात वारा घाला. विदर्भातली हवा कोरडी, म्हणून पाणी झपाट्याने उडतं आणि अंगातली उष्णता घेऊन जातं. कूलर इथे चालतो तो याच कारणाने. टेबलफॅन असेल तर लावा, पण ओल्या जमिनीवर वायर पडू देऊ नका.

फवारणीच्या पंपाने बारीक तुषार छान पडतात, हे खरं. पण ज्या पंपात एकदाही कीटकनाशक घातलं गेलं आहे तो कितीही धुतला तरी यासाठी वापरू नये. तापलेल्या, ओल्या कातडीतून विष लवकर आत जातं.

बर्फ मिळाला तर काम आणखी सोपं. रसवंती, शरबतवाला, मच्छीबाजार, कुठेतरी लादी असतेच. फोन लावतानाच एकाला मोटरसायकलवर पिटाळावं. बर्फ आल्यावर ताडपत्री पसरून पोराला मधोमध ठेवावं, पाच-सहा जणांनी कडा उचलून धरून होडीसारखा खोलगट भाग करावा, त्यात शंभरेक लिटर पाणी आणि फोडलेला बर्फ ओतावा आणि कडा हलवून पाणी अंगाभोवती खेळतं ठेवावं. एकाने फक्त डोकं सांभाळायचं. तोंड पाण्याच्या वर हवं. अंग थंड करायचा याहून वेगवान उपाय साइटवर दुसरा नाही. बर्फ थोडाच असेल तर कापडात गुंडाळून मानेला, काखांत आणि जांघेत ठेवा, पण पाणी आणि वारा थांबवू नका. काखेतल्या दोन पिशव्यांनी एकट्याने काही भागत नाही.

‘तापल्या अंगावर गार पाणी टाकलं की झटका बसतो’ असं कुणीतरी जाणतं माणूस हमखास म्हणेल. काम करता करता पडलेल्या धडधाकट माणसाच्या बाबतीत ही भीती धरू नये. त्याला मारते ती उष्णता. वयस्क किंवा हृदयाचा आजार असलेल्या माणसाला मात्र बर्फाच्या पाण्यात बुडवण्याऐवजी साधं गार पाणी ओतत वारा घालणं बरं. कधी थांबायचं? तो नीट उत्तरं देऊ लागला, आणि कुडकुडायला लागला की. त्यानंतर अंग पुसून सावलीत ठेवावं आणि पुन्हा तापत नाही ना, हे पाहत राहावं.

बेशुद्ध किंवा बरळत असलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी नाही, ग्लुकोज नाही, कांद्याचा रसही नाही. ते श्वासनलिकेत जातं. उलटी आली किंवा घशात घरघर असेल तर कुशीवर वळवा, तोंड जमिनीकडे, म्हणजे आतलं बाहेर येईल. झटके आले तर हातपाय दाबून धरू नका, दातांत चमचा घालू नका, जोडा हुंगवू नका. कुशीवर वळवून पाणी चालू ठेवा. श्वास थांबला तर छाती दाबायला सुरुवात करा.

क्रोसिन-पॅरासिटामॉल इथे चालत नाही. तापात मेंदूनेच शरीराला जास्त तापमानावर नेऊन ठेवलेलं असतं, ते ही गोळी खाली आणते. उष्माघातात मेंदू तसं काही सांगत नसतो, शरीर बाहेरून आणि कष्टाने तापलेलं असतं. गोळीने उतरत काही नाही, उलट आधीच पोळलेल्या यकृतावर तिचा बोजा पडतो. गल्लीतल्या कंपाउंडरकडून सलाइन लावून घेण्यातही वेळ जातो. सलाइन लागेल, पण दवाखान्यात, आणि थंड करणं सुरू असताना. खिशातल्या कांद्याबद्दल एवढंच म्हणतो की तो ठेवला तर अपाय नाही, पण त्याच्या भरवशावर बाराच्या उन्हात जाऊ नये.

बाया, कोकण आणि एकटा माणूस

साइटवर रेजा म्हणून काम करणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या, तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाया मुद्दाम कमी पाणी पितात. आडोसा नसतो, लघवीला जायला जागा नसते. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. मुकादमाने ताक वाटण्याआधी चार बांबू आणि ताडपत्रीचा आडोसा उभा केला तर जास्त फरक पडेल. बाई पडली तर कपडे काढायचे कसे, म्हणून गडी लांब उभे राहतात आणि उशीर होतो. काढायची गरज नाही. सुती पातळ अंगावरच भिजवत राहावं, ब्लाउजचे हूक आणि परकराची नाडी दुसऱ्या बाईने सैल करावी, दोघींनी लुगडं धरून आडोसा करावा आणि वारा घालत राहावं. पातळ ओलं सुती कापड पाण्याच्या उडण्याला अडवत नाही. नायलॉनची साडी अडवते. ती वरून काढून साधी ओढणी टाकावी.

मुंबई-कोकणात पारा ३८च्या पुढे क्वचित जातो म्हणून तिथे निर्धास्त राहू नये. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात १४ माणसं उन्हाने दगावली, तेव्हा त्या भागात पारा ३८ अंशांच्या आसपासच होता. दमट हवेत घाम येतो पण उडत नाही, नुसता निथळतो. म्हणून तिथे ओलं फडकं आणि पंखा पुरत नाही. भरपूर गार पाणी, जमेल तिथे बर्फ आणि ताडपत्री, यांवरच भर द्यावा लागतो.

रानात दोघंच असतील आणि एक पडला तर? तेंदूच्या जंगलात मोटर नसते, बाज नसते. झाडाखाली घ्यावं, नाला असेल तर त्याच्या उथळ पाण्यात डोकं मांडीवर धरून झोपवावं. नाहीतर दोघांच्या कॅनमधलं असेल नसेल ते पाणी दुपट्ट्यावर घेऊन अंग पुसत राहावं आणि वारा घालावा. पडलेल्या माणसाला पाणी पाजता येत नसताना ते प्यायला राखून ठेवण्यात अर्थ नाही, अंगावर वापरावं. आपल्यासाठी मात्र पेलाभर राखावं. आणि मदत आणायला त्याला एकटा टाकून पळू नये, आधी फोन आणि हाका.

उठून बसला, मग?

अर्ध्या तासात पोरगा डोळे उघडतो, आपलं नाव सांगतो, पाणी मागतो. आता त्याला घोटघोट द्यावं. ‘मले काही नाही झालं’ असं म्हणून तो उठू पाहील आणि मजुरी कापली जाईल या धाकाने स्लॅबकडे बघेल. एकदा भान गेलं होतं तर माणूस कितीही टुणटुणीत दिसला तरी दवाखान्यात जाणं भागच आहे. यकृत आणि मूत्रपिंडाचा बिघाड एक-दोन दिवसांनंतर वर येतो. रक्त तपासल्याशिवाय तो कळत नाही. पुढच्या दोन दिवसांत लघवी गडद तपकिरी, कोऱ्या चहासारखी झाली आणि अंग ठेचल्यासारखं दुखू लागलं तर स्नायू आतून झिजत आहेत आणि त्याने मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. दवाखान्यात सोबत जाणाऱ्याने चार गोष्टी सांगाव्यात: किती वाजता पडला, थंड करायला कधी सुरुवात केली, शुद्धीवर कधी आला, आणि तो कुठली औषधं घेत होता. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी, ॲलर्जीच्या काही गोळ्या, मानसिक आजारावरची काही औषधं माणसाला उन्हात लवकर पाडतात. डॉक्टरांना न विचारता ती बंद करायची नसतात. उन्हाळ्यापुरतं मात्रेबद्दल विचारून घ्यावं.

त्या पोराचं काय चुकलं? काम त्याच्या टोळीतल्या बाकीच्यांइतकंच होतं, ऊन तेच, आणि पाण्याचा ड्रमही तोच. बाकीचे मार्चपासून रोज उन्हात होते, हा परवा आला. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. हृदयालाही तेवढ्याच कामासाठी कमी धडधडावं लागतं. उन्हाने कामावर मरणाऱ्यांत पहिल्या काही दिवसांतले नवे लोक फार मोठ्या संख्येने असतात, असं इतर देशांतल्या नोंदींतूनही दिसलं आहे. म्हणून नव्या गड्याला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाचा पाचवा हिस्साच उन्हात द्यावा, म्हणजे आठ तासांच्या पाळीत दीड-पावणेदोन तास. बाकी वेळ सावलीतलं काम, वायर तोडणं, कड्या वाकवणं. रोज पाचव्या हिश्शाने वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण पाळी. जुना गडी लग्नासाठी, आजारपणासाठी आठवडाभर गावी जाऊन आला असेल तर त्याला निम्म्यापासून सुरू करून चार दिवसांत पूर्ण करावं. तापातून उठलेल्याला आणखी सबुरीनं.

आणि सगळ्यांसाठीच, मे महिन्यात, विशेषतः नवतप्यात, उन्हातलं काम सकाळी सहा ते अकरा आणि चारनंतर. कामाच्या वेळात दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान लागो न लागो. मात्र तासाला दीड लिटरच्या वर नको, कारण नुसतं पाणी अतोनात प्यायल्यानेही रक्तातलं मीठ पातळ होऊन डोकं दुखतं आणि माणूस बरळतो. काम जोडीने द्यावं आणि जोडीदाराला सांगून ठेवावं की याने डोकं धरलं, उलटी केली किंवा चिडचिड केली तर मला विचारायला यायचं नाही, आधी त्याला खाली आणायचं. उष्माघात होऊन गेलेल्या त्या पोराला डॉक्टर हो म्हणेपर्यंत उन्हात घ्यायचं नाही, आणि म्हणाल्यावरही पहिला दिवस पुन्हा त्याच पाचव्या हिश्शापासून.